डेंग्यूचा डांस व हिंवतापाचा डांस : त्यांच्या वेळा व त्यांचें पाणी

पावसाचा भर ओसरून भाद्रपद लागला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतून तापाचें दुखणें सुरू होतें, आणि घरोघर एकच बोलणें ऐकूं येतें कीं, "यंदा डांस फार झाले." हें बोलणें खोटें नव्हे, पण तें अपुरें आहे. ज्यास आपण डांस या एका नांवानें ओळखतों तो एक प्राणी नसून त्याच्या पुष्कळ जाती आहेत. आणि डेंग्यू पसरविणारी जात व हिंवताप पसरविणारी जात यांच्या राहणींत इतका फरक आहे कीं, एकीवर केलेला उपाय दुसरीस बहुधा लागू पडत नाहीं. एक दिवसां चावते, दुसरी रात्रीं. एक घरांतील भांड्यांत वाढते, दुसरी शेतांतील व विहिरींतील पाण्यांत. हा भेद ध्यानांत न आल्यामुळें मेहनत होते एकीकडे आणि ताप येतो दुसरीकडून. असा एक प्रकार गतवर्षीं आमच्या प्रत्यक्ष पाहण्यांत आला. तोच येथें सविस्तर सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

कालव्याच्या पाण्याखालील एका गांवीं आमच्या परिचयाचे एक बागाईतदार राहतात. घर गांवाच्या कडेस असून मागें गोठा, त्यापलीकडे विहीर आणि लगेच ऊंसाचें शेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीं त्यांच्या चार वर्षांच्या नातवास एकाएकीं कडक ताप भरला. तो उतरतो न उतरतो तोंच, म्हणजे पोळ्याच्या आठ दिवस आधीं, त्यांच्या सुनेनें अंथरूण धरिलें. डोळ्यांच्या मागें ठणका, अंग मोडून येणें, आणि चौथ्या दिवशीं अंगावर तांबूस पुरळ. याच सुमारास गोठ्यांत निजणारा त्यांचा सालगडीही थंडी वाजून आजारी पडला. त्याचा ताप मात्र एक दिवसाआड येई. रक्त तपासल्यावर सून व नातू यांचा ताप डेंग्यूचा आणि गड्याचा ताप हिंवतापाचा ठरला. एकाच आवारांत दोन रोग, आणि घरांतील मंडळींची समजूत अशी कीं, दोन्ही एकाच डांसाचे!

पोळा झाल्यावर चार दिवसांनीं आम्ही त्यांच्याकडे गेलों. मालकांच्या वृद्ध मातोश्री ओसरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाबा, गटार आम्ही रोज झाडतों. दिवेलागणीला कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करतों. उकिरडासुद्धां लांब नेला. आणखी काय करायचें राहिलें?" आजींचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. गटार स्वच्छ वाहत होतें. पण त्यांस ताप देणारा डांस गटारांत जन्मतच नाहीं, आणि दिवेलागणीस धुरी होते तोंवर त्याचा चावण्याचा मुख्य वेळ संपलेला असतो.

प्रथम या वेळांचाच विचार करूं. डेंग्यूचा डांस म्हणजे एडीस इजिप्ती. हा लहान, काळा, पायांवर पांढरे पट्टे व पाठीवर वीणेच्या आकाराची पांढरी रेघ असलेला असतो. कोणत्याही डांसाची मादीच तेवढी चावते, कारण अंडीं धरण्यास तिला रक्त लागतें. एडीसची मादी उजेडांत चावते. सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास हा तिचा एक भर, आणि सूर्यास्तापूर्वींचे दोन-तीन तास हा दुसरा. मधल्या वेळींही अंधारी खोली, माजघर, न्हाणी अशा सांवलीच्या जागीं ती चावतेच. ती बहुधा मागून येते, घोट्यास वा पोटरीस चावते, आणि हात हालला कीं उडून पुन्हां दुसऱ्या माणसास बसते. यामुळें पोट भरेपर्यंत एकच मादी घरांतील तिघां-चौघांस चावून जाते. तिला माणसाचें रक्त विशेष आवडतें; गाय-बैल शेजारीं असले तरी ती त्यांच्याकडे सहसा वळत नाहीं. विश्रांतीसही ती घरांतच असते. खुंटीवरील कपड्यांच्या मागें, खाटेखालीं, फडताळाच्या आडोशास.

आमच्या पठारावरील खेड्यांतून हिंवताप पसरविणारा मुख्य डांस म्हणजे ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीज. हा दिवस मावळल्यावर बाहेर पडतो आणि रात्रभर कमीअधिक चावतो. उकाड्याच्या दिवसांत त्याचा जोर मध्यरात्रीपर्यंत राहतो. थंडी पडूं लागली म्हणजे तो लवकर, संध्याकाळींच, आपलें काम उरकतो. त्यास माणसापेक्षां गुरें अधिक प्रिय आहेत. त्यामुळें गोठ्यांत तो मोठ्या संख्येनें सांपडतो. आणि गुरांशेजारीं जो माणूस मच्छरदाणीवांचून निजतो त्यास गुरांबरोबरच तोही चावतो. आमच्या गोष्टींतील गडी गोठ्याच्या पडवींत उघड्यावर निजत होता, आणि सून व नातू हीं घरांत दिवसभर वावरत होतीं. कोणास कोणता ताप आला हें एवढ्यावरूनच पुष्कळसें कळून येण्यासारखें होतें.

येथें एक हिशेब सांगणें अवश्य आहे. डेंग्यूच्या रोग्यास चावलेली मादी लगेच रोग देऊं शकत नाहीं. विष तिच्या पोटांतून लाळेच्या पिंडांत उतरण्यास साधारण आठ ते बारा दिवस लागतात. त्यानंतर ती ज्यास चावेल त्यास बहुधा चार ते सात दिवसांनीं ताप येतो. क्वचित् दहा दिवसही लागतात. नातवाचा ताप आणि सुनेचा ताप यांत सोळा दिवसांचें अंतर होतें. बारा व चार मिळून सोळा, किंवा दहा व सहा मिळून सोळा. म्हणजे नातू तापांत असतां त्यास चावलेल्या घरांतल्याच एखाद्या मादीनें सुनेस ताप दिला, असें मानण्यास हें अंतर बरोबर जुळतें. नातवास पहिले पांच-सहा दिवस दिवसांही मच्छरदाणींत निजविलें असतें तर दुसरें दुखणें बहुतेक टळलें असतें. मच्छरदाणी ही रात्रींची वस्तु अशी आपली समजूत असल्यामुळें हें कोणास सुचलें नाहीं.

आतां पाण्याकडे वळूं. डांसांचीं घरें शोधतांना दुर्गंधी हीच खूण मानण्याची चाल आहे, आणि तीच फसवणूक करते. घाण गटार, संडासाचा खड्डा, मोरीचें सांडपाणी यांत वाढतो तो तिसराच डांस, क्यूलेक्स. हा रात्रीं कानाशीं गुणगुणतो, झोंप मोडतो व हत्तीरोग पसरवितो. म्हणून त्याचाही बंदोबस्त पाहिजेच. पण डेंग्यू व हिंवताप यांत त्याचा हात नाहीं. एडीसला पाणी हवें तें भांड्यांतलें, स्थिर आणि बरेंचसें स्वच्छ. क्युलिसिफेसीजला हवें तें जमिनीवरचें स्वच्छ पाणी, ऊन लागणारें, संथ, कडेला थोडें गवत वा शेवाळ असलेलें. म्हणून ज्या पाण्यास आपण चांगलें म्हणतों तेंच प्रथम तपासलें पाहिजे.

तपासण्यास एक पांढरी पळी किंवा आंतून पांढरा असा कल्हईचा वा चिनी मुलाम्याचा वाडगा पुरे. पाण्याशीं जातांना आपली सांवली त्यावर पडूं देऊं नये. सांवली पडतांच अळ्या तळाशीं जातात व पळींत कांहींच येत नाहीं. तसें झालें तर तीन-चार मिनिटें स्वस्थ उभें राहावें. श्वास घेण्यास त्या पुन्हां वर येतात. मग पळी तिरपी धरून कडेचें पाणी हलकेच आंत घ्यावें. पिंपासारख्या खोल भांड्यांत विजेची बत्ती टाकून पाहावें.

अळी दिसली म्हणजे ती कोणाची हें तिच्या बसण्यावरून ओळखतां येतें. ॲनॉफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागास अगदीं समांतर, आडवी पडून राहते. एखादी काडी तरंगत असावी तशी. एडीस व क्यूलेक्स यांच्या अळ्या शेपटाकडील नळी पाण्याबाहेर काढून डोकें खालीं करून लोंबतात. त्यांपैकीं एडीसची नळी आंखूड व जाड, आणि अळीची चाल सापासारखी वळवळती असते. क्यूलेक्सची नळी लांब व सडपातळ. या शेवटच्या दोहोंतील फरक प्रथम प्रथम कळला नाहीं तरी चालेल. आडवी कीं लोंबती, एवढें पाहिलें आणि पाणी भांड्यांतलें कीं गटाराचें हें ध्यानांत घेतलें म्हणजे सामान्य गृहस्थाचें काम भागतें. स्वल्पविरामाच्या आकाराचे, डोकें मोठें असलेले गोळे दिसले तर ते कोश होत. त्यांतून दोन दिवसांत डांस उडणार असें समजावें.

पुष्कळ पुस्तकांतून असें सांगितलेलें असतें कीं, भिंतीवर बसलेला हिंवतापाचा डांस मागचा भाग वर उचलून तिरपा बसतो, त्यावरून त्यास ओळखावें. ॲनॉफिलीसच्या इतर बऱ्याच जातींस ही खूण लागू आहे. परंतु क्युलिसिफेसीज हा भिंतीशीं जवळजवळ समांतर, क्यूलेक्ससारखाच बसतो. त्याच्या नांवाचा अर्थच मुळीं क्यूलेक्सच्या तोंडवळ्याचा असा आहे. तेव्हां गोठ्याच्या भिंतीवर तिरपे डांस दिसत नाहींत म्हणून हिंवतापाची भीति नाहीं, असें कोणीं मानूं नये. अळीची खूण अधिक भरंवशाची.

ही पळी घेऊन आम्ही व घरचे मालक आवारांत फिरलों. फिरण्याचा क्रम आम्हीं दारापासून आंत, मग मागील अंगण, मग गोठा आणि शेवटीं शेत, असा ठेविला. या गांवीं नळाचें पाणी चार दिवसांनीं एकदां येतें. त्यामुळें प्रत्येक घरीं पाण्याचा सांठा असतो, आणि सांठा पुरता संपण्यापूर्वींच नवें पाणी त्यावर ओततात. न्हाणींतील सिमेंटचा हौद असाच होता. मालक म्हणाले, "हें पाणी शिळें कसें म्हणतां? परवांच भरलें आहे." आम्हीं बत्ती टाकिली, शें-दीडशें अळ्या लोंबत होत्या आणि कोशही होते. नवें पाणी वरून पडत असलें तरी तळाचें पाणी व कांठ हे महिनोन्महिने तेच होते. ओसरीवरील पिण्याच्या पाण्याच्या रांजणांत कांहीं सांपडलें नाहीं, कारण त्यावर घट्ट झांकण होतें व तो दररोज रिता होई.

मागील अंगणांत दोन पिंपें होतीं. त्यांवर फळ्या ठेवलेल्या होत्या, पण फळी व कांठ यांत बोटभर फट होती, आणि एका पिंपांत अळ्या होत्या. फटींतून डांस सहज जातो; अर्धवट झांकण हें उघड्या भांड्याहून वाईट, कारण आंतील सांवली एडीसला अधिकच मानवते. कडब्याच्या गंजीवर ताडपत्री घालून ती वाऱ्यानें उडूं नये म्हणून जुनीं टायरें ठेवलीं होतीं. या टायरांत पावसाचें पाणी साचून अळ्यांचा नुसता बुजबुजाट झाला होता. टायर कसेंही ठेविलें तरी त्याच्या पोटांत पाणी राहतेंच. आणि काळा रंग व सांवली एडीसला आवडते. ताडपत्रीच्या एका सुरकुतींत तांब्याभर पाणी होतें, त्यांतही अळ्या मिळाल्या. तुळशीवृंदावनाजवळील कुंडीखालची बशी आणि फुटक्या उखळाचा खळगा, येथेंही तोच प्रकार. उन्हाळ्यानंतर कोपऱ्यांत लोटून ठेवलेला हवा थंड करण्याचा कूलर होता. त्याच्या तळाशीं चार बोटें पाणी होतें, परंतु त्यांत त्या दिवशीं अळी नव्हती. पाणी असलेल्या एकंदर चौदा जागा आम्हीं मोजिल्या. त्यांपैकीं सहांत एडीसच्या अळ्या निघाल्या. त्या सहाही जागा घरापासून वीस पावलांच्या आंत होत्या. एडीस आपल्या जन्मस्थानापासून बहुधा शेंदोनशें मीटरांपलीकडे जात नाहीं. म्हणून ज्या घरीं डेंग्यू आला त्या घराच्या किंवा शेजाऱ्याच्या आवारांतच दोष शोधावा.

गुरांची हाळ मात्र निर्दोष निघाली. ती गडी रोज घांसून भरीत असे. "रोज घांसून" हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत, हें पुढें दिसून येईल.

आमच्यादेखत मालकांनीं हौद व पिंपें ओतून दिलीं, टायरें उचलून शेडांत नेलीं, बशी उपडी केली. आठ दिवसांनीं आम्ही पुन्हां गेलों. टायरें, बशी व ताडपत्री यांत कांहीं नव्हतें. उखळाचा खळगा मातीनें भरून टाकिला होता. पण त्याच पिंपांत आणि न्हाणीच्या हौदांत बारीक अळ्या पुन्हां दिसल्या, आणि मालक कांहींसे खट्टू झाले. त्यांनीं विचारलें, "पाणी तर तुमच्यासमोरच ओतलें. मग हे आले कोठून?"

ते बाहेरून आलेच नव्हते, भांड्यांतच होते. एडीसची मादी पाण्यावर अंडीं घालीत नाहीं. ती पाण्याच्या रेषेच्या किंचित् वर, ओलसर कांठावर तीं एकेक करून चिकटविते. अंडें अर्ध्या मिलिमीटराहून थोडें मोठें, काळें, काजळीच्या कणासारखें असतें. सहसा कोणाच्या नजरेस येत नाहीं. पाणी ओतलें तरी तें कांठास चिकटून राहतें. वाळलें तरी महिनोन्महिने, कधीं कधीं वर्षापर्यंत, तें जिवंत राहूं शकतें. आणि पुन्हां पाणी चढून त्यास स्पर्श करितांच थोड्याच वेळांत फुटतें. उन्हाळाभर कोरडें पडलेलें पिंप पहिल्याच पावसानंतर डांस कां देतें, याचें कारण हेंच. म्हणून भांडें रितें करणें हें अर्धेंच काम. आंतून, विशेषतः पाण्याच्या रेषेशीं, काथ्यानें वा खरखरीत ब्रशानें घांसून तें धुणें हें उरलेलें अर्धें. धुतलेलें पाणी मोरींत न सोडतां कोरड्या जमिनीवर ओतावें. त्यानंतर भांडें थोडा वेळ उन्हांत पालथें ठेवावें. टायरांतही अशीं अंडीं असतातच. म्हणून पुन्हां पाऊस लागणार नाहीं अशा छपराखालींच तीं ठेवावीं, अथवा गंजीवरील वजनासाठीं टायरांऐवजीं दगड किंवा मातीचीं पोतीं वापरावीं.

हें काम आठवड्यांतून एकदां झालें पाहिजे, पंधरवड्यांतून नव्हे. उबदार हवेंत अंडें फुटल्यापासून डांस उडेपर्यंत सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यांतून एक वार ठरवून त्या दिवशीं सर्व सांठे कोरडे केले म्हणजे कोणतीही अळी डांस होण्यापूर्वींच मरते. आरोग्य खात्याचे लोक कोरडा दिवस पाळा असें सांगतात त्याचें मर्म हें आहे. जेथें नळ चार दिवसांनीं येतो तेथें पाणी यावयाच्या आदल्या रात्रीं हौद रिकामा होईल असा बेत करावा आणि सकाळीं घांसून मगच नवें पाणी घ्यावें. जें भांडें रितें करणेंच शक्य नाहीं, त्यावर दाट विणीचें कापड दोरीनें ताणून बांधावें. वरच्या टाकीचें झांकण घट्ट बसवावें आणि तिच्या हवेच्या नळीच्या तोंडास बारीक जाळी लावावी.

आतां गड्याच्या तापाकडे येतों. घराच्या आवारांत आडवी पडणारी अळी आम्हांस एकही मिळाली नाहीं. ती मिळाली शेतांत. ऊंसाच्या बाजूचा मुख्य पाट एके ठिकाणीं झिरपत होता. तेथें बांधाच्या पायथ्याशीं पांच-सहा हात लांबीचें उथळ पाणी उभें होतें, वर हिरवें शेवाळ, आणि कडेला हरळी. पळी बुडवितांच प्रत्येक वेळीं दोन-तीन आडव्या अळ्या येत. जवळच चिखलांत गुरांच्या खुरांचे ठसे पाण्यानें भरलेले होते. त्यांतही त्या होत्या. वाहत्या पाटांत मात्र कांहीं नव्हतें, कारण वाहतें पाणी ही अळी सहन करीत नाहीं. या जागेपासून गोठा तीनशें पावलांवर होता. हें अंतर एडीसला बरेंच झालें असतें. पण ॲनॉफिलीस एक-दोन किलोमीटरही सहज जातो. म्हणून हिंवतापाच्या बाबतींत केवळ आपलें आवार तपासून भागत नाहीं. गोठ्यासभोंवतींचें शिवार पाहावें लागतें, आणि शेजारच्या शेतकऱ्यासही बरोबर घ्यावें लागतें.

यावर उपाय शेतकऱ्याच्या हातचेच आहेत. पाटाची गळती चोपण मातीनें बुजविली आणि साचलेलें पाणी एक लहान चर काढून उताराकडे नेलें. दोन दिवसांत जागा कोरडी पडली. पाटाच्या कडेचें गवत कापून कांठ सरळ केले, म्हणजे पाण्यास थबकण्यास जागा राहिली नाहीं. पाळीनें पाणी देतांना मधले दिवस पाट पुरता कोरडा पडूं द्यावा. सतत ओला ठेवूं नये. विटांसाठीं वा मुरुमासाठीं खणलेले खड्डे भरून काढावे, किंवा एकाच खोलगट जागीं पाणी जमवून त्यांत मासे सोडावे.

मासे सोडावयाचे ते विहिरींत व शेततळ्यांत. विहिरींतील पाण्यांत वाढणारा हिंवतापाचा आणखी एक डांस आहे, ॲनॉफिलीस स्टीफेन्साय. मुंबईंतील हिंवतापाची चौकशी डॉ. बेंटले यांनीं केली व १९११ सालीं आपला अहवाल दिला, तेव्हां शहरांतील विहिरी व हौद यांतील हाच डांस मुख्य गुन्हेगार ठरला होता. आमच्या मित्रांच्या आवारांत वापरांतली विहीर स्वच्छ होती. पण तिच्या पलीकडे, मोटर बसविल्यापासून टाकून दिलेली एक जुनी विहीर होती, आणि तिच्या पाण्यांतही आडव्या अळ्या निघाल्या. तिच्यांत आरोग्य केंद्रांतून आणिलेले गप्पी मासे सोडले. हे मासे बोटाच्या पेरापेक्षां लहान, अळ्या खाऊन राहणारे, आणि पिलें घालून आपोआप वाढणारे आहेत. मात्र हे परदेशी मासे नदींत, ओढ्यांत किंवा नैसर्गिक तळ्यांत सोडूं नयेत. तेथील मूळच्या मत्स्यबीजाची ते हानि करितात. तसेंच विहिरींत पोटॅशची पूड टाकिली असेल तर तिचा प्रभाव जाईपर्यंत मासे सोडूं नयेत.

औषधांविषयीं एक इशारा देणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. शेतांतील फवारणीचीं कीटकनाशकें घरीं असतातच, आणि त्यांतील चार थेंब हौदांत टाकले तर काय बिघडेल, असें पुष्कळांस वाटतें. असें कदापि करूं नये. तें पाणी माणसांच्या व गुरांच्या पोटांत जाणार आहे. सांठ्याच्या पाण्यांत टाकावयाचें टेमेफॉस नांवाचें अळीनाशक निराळें असून त्याचें प्रमाण दहा लाख भागांस एक भाग इतकें सूक्ष्म असतें. तें आरोग्य सेवकाकडूनच माप घेऊन टाकवावें. जळकें तेल टाकावयाचें तर फक्त त्या खड्ड्यांत, ज्याचें पाणी कोणी पीत नाहीं व ज्यांत मासे नाहींत. धुराच्या फवाऱ्यानें उडते डांस तेवढे मरतात. भांड्यांतील अळ्या व कांठावरील अंडीं जशींच्या तशीं राहतात, आणि आठवड्यानें नवी फौज तयार होते.

राहिली मच्छरदाणीची गोष्ट. गड्यास औषध लावलेली मच्छरदाणी दिली व ती दिवेलागणीपूर्वींच बांधण्याची शिस्त घालून दिली. हिंवतापावर एवढा स्वस्त व खात्रीचा उपाय दुसरा नाहीं. डेंग्यूच्या बाबतींत मोठ्या माणसांस दिवसभर मच्छरदाणींत बसतां येत नाहीं. म्हणून तेथें भर पाण्याच्या बंदोबस्तावरच द्यावा लागतो. पाळण्यांतील मूल, दुपारीं निजणारे वृद्ध, आणि मुख्यतः तापाचा रोगी यांस मात्र दिवसांही ती अवश्य द्यावी. बाकीच्यांनीं सकाळ-संध्याकाळ पाय झांकतील असे कपडे घालावे.

आणखी एक सांगणें आहे. ताप कोणता हें लक्षणांवरून ठरवूं नये; रक्त तपासूनच ठरवावें. डेंग्यूची पहिली तपासणी ताप आल्यापासून पांच दिवसांच्या आंत झाल्यास उत्तम. तोंपर्यंत ॲस्पिरिन किंवा अंगदुखीच्या तत्सम गोळ्या घेऊं नयेत. डेंग्यूंत त्यांनीं रक्तस्राव वाढतो. ताप उतरूं लागतांच पोटांत जोराच्या कळा, सतत वांत्या, हिरड्यांतून रक्त किंवा हातपाय गार पडणें, यांपैकीं कांहींही दिसलें तर क्षणाचाही विलंब न करितां दवाखाना गांठावा. ताप उतरला म्हणजे दुखणें गेलें असें या रोगांत समजूं नये. गड्याचा हिंवताप एकांतऱ्याचा होता. त्याचे जंतु यकृतांत दडून राहतात व पुन्हां उठतात, म्हणून डॉक्टरांनीं दिलेल्या चौदा दिवसांच्या गोळ्या त्यानें शेवटपर्यंत घेतल्या कीं नाहीं, याकडे मालकांनीं जातीनें लक्ष ठेविलें.

तिसऱ्या खेपेस आम्ही नवरात्रांत गेलों. चौदापैकीं नऊ जागा उरल्या होत्या, बाकीच्या कायमच्या नाहींशा केल्या होत्या; आणि त्या नवांपैकीं एकींतच, म्हणजे कूलरच्या तळांत, अळ्या मिळाल्या. पहिल्या खेपेस तेथें पाणी असून अळी नव्हती, म्हणून तो सर्वांच्या विस्मरणांत गेला होता. आजींनीं तो आमच्यासमक्ष उलटा करविला व आंतून काथ्यानें घांसविला. घरांत नवा ताप कोणास आला नव्हता. दर मंगळवारीं पळी घेऊन फिरण्याचें काम आतां मालकांच्या शाळेंत जाणाऱ्या मोठ्या नातीनें आपणाकडे घेतलें आहे. आणि आडवी अळी व लोंबती अळी यांतील भेद ती आम्हांपेक्षां लवकर ओळखते.